कोटेशन पाठवून झालं आणि मग कळलं की टॅक्स चुकलाय: क्लायंटला दुरुस्तीचा मेल कसा लिहायचा

नवीन फ्रीलान्सिंग सुरू केलेल्यांसाठी लिहितोय. वेबसाईट, डिझाईन, कंटेंट, फोटोग्राफी असं काही करत असाल आणि जीएसटी नंबर घेतलेला असेल तर आज ना उद्या ही वेळ येणारच, की कोटेशन गेलं, क्लायंट हो म्हणाला आणि मग तुम्हाला दिसलं की टॅक्स कमी लागलाय. माझं झालेलं उदाहरणच घेतो, आकडे सगळे देतो, म्हणजे हिशोब करून बघता येईल.

मी पुण्यात, क्लायंट नाशिकची, मशीनचे सुटे भाग बनवणारा छोटा कारखाना. वेबसाईटचं काम. सुरुवातीला तीनच आयटम होते: डिझाईन आणि डेव्हलपमेंट ४८,००० रुपये, मराठी-इंग्रजी मजकूर १४,०००, डोमेन आणि एक वर्षाचं होस्टिंग ६,५००. बेरीज ६८,५००. मग तिथल्या मॅडमचा फोन आला की कारखान्याचे फोटोही तुम्हीच काढा, ४० फोटो लागतील. मी फोटोग्राफीची १८,००० ची एक ओळ खाली घुसवली, सबटोटल ८६,५०० केला, पीडीएफ काढली आणि पाठवून मोकळा. टॅक्स धरून टोटल होती ९८,८३०. मॅडमचा व्हॉट्सॲपवर मेसेज, "लाखाच्या आत आहे ना, मग मीच मंजूर करते, लाखाच्या वर गेलं की मोठ्या साहेबांची सही लागते." मी खूश. मंगळवारी ॲडव्हान्सचा आकडा काढायला बसलो आणि दिसलं की टॅक्स १२,३३० आहे. ८६,५०० वर १८ टक्के म्हणजे १५,५७० यायला पाहिजेत. ३,२४० कमी. आणि खरी टोटल १,०२,०७०, म्हणजे नेमकी लाखाच्या वर.

पहिलं काम: मेल लिहायचा नाही, चूक नेमकी कुठली ते शोधायचं

चूक दिसली की हात शिवशिवतात, लगेच सॉरी म्हणून मेल टाकावासा वाटतो. थांबा. दुरुस्तीचा एक मेल क्लायंट आरामात पचवतो, पण दोन दिवसांनी "परत एक छोटीशी दुरुस्ती" असा दुसरा गेला की मग समोरचा तुमचा प्रत्येक आकडा कॅल्क्युलेटरवर तपासायला लागतो. म्हणून आधी अख्खं कोटेशन पुन्हा तपासायचं.

सगळ्यात सोपी चाचणी: टोटलला सबटोटलने भागा. टॅक्स १८ टक्के असेल आणि सगळ्या ओळींना लागत असेल तर उत्तर १.१८ यायलाच हवं. माझं आलं १.१४२५ च्या आसपास. म्हणजे कुठली तरी ओळ टॅक्समधून सुटलीय. शीट उघडली तर हे होतं:

```
सबटोटल     =SUM(D2:D5)
CGST       =SUM(D2:D4)*9%
SGST       =SUM(D2:D4)*9%
```

फोटोग्राफीची ओळ D5 मधे. सबटोटलचा फॉर्म्युला मी हाताने वाढवला होता, टॅक्सचे दोन तसेच राहिले. शीटमधे रेंजच्या मधे ओळ घातली तर रेंज आपोआप वाढते, शेवटच्या ओळीच्या खाली घातली तर बऱ्याचदा वाढत नाही, आणि कोणीच ओरडत नाही कारण फॉर्म्युला तर बरोबरच चाललेला असतो, फक्त अर्धवट आकड्यांवर. यावर उपाय एकच, टॅक्सच्या सेलमधे परत बेरीज करायचीच नाही, सबटोटलच्या सेलवरूनच टॅक्स काढायचा, समजा सबटोटल D6 मधे आहे:

```
=ROUND(D6*9%,2)
```

म्हणजे सबटोटल बरोबर असेल तर टॅक्स चुकूच शकत नाही.

शीट उघडलीच आहे तर आणखी दोन गोष्टी बघून घ्या. एक, क्लायंटच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे. २७ म्हणजे महाराष्ट्र. तुम्ही पण महाराष्ट्रातले असाल तर ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी. क्लायंटचा नंबर ३० ने सुरू होत असेल तर गोवा, २९ असेल तर कर्नाटक, अशा वेळी साधारणपणे सरळ १८ टक्के आयजीएसटी लागतो. टोटल तीच येते म्हणून लोक याकडे बघत नाहीत, पण दुरुस्ती करतोच आहोत तर ही पण याच फेरीत होऊन जाऊ दे.

दोन, होस्टिंगसारखे "मी फक्त पुढे पास केलेले" खर्च. नवीन माणसाला वाटतं डोमेन-होस्टिंगचे पैसे मी कंपनीला भरलेत, त्यावर मी परत टॅक्स कशाला लावू. पण ते तुम्ही तुमच्या नावावर घेऊन तुमच्या कामाचा भाग म्हणून देताय, मग ते तुमच्याच रकमेत धरलं जातं आणि त्यावर टॅक्स लागतो. क्लायंटच्या वतीने, क्लायंटच्या सांगण्यावरून, जितका खर्च झाला तितकाच वेगळा दाखवून घेतला तर सोडता येतो, त्याला प्युअर एजंट म्हणतात, पण त्याच्या अटी आहेत आणि त्या तुमच्या सीएला विचारूनच वापरा. माझ्या केसमधे होस्टिंग टॅक्समधे होतं, ते बरोबर होतं.

आणि हो, एक वेगळीच चूक पण असते, ती सांगायलाच हवी. जीएसटी रजिस्ट्रेशनच नाहीये (सर्व्हिस देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांपर्यंत साधारणपणे लागत नाही) पण दुसऱ्याचं कोटेशन बघून त्यातली १८ टक्क्यांची ओळ पण कॉपी केली. हे करताच येत नाही. रजिस्टर नसलेल्या माणसाने टॅक्स गोळा करायला कायद्याने बंदी आहे. तुमचं असं झालं असेल तर दुरुस्ती उलट्या बाजूला, टॅक्सची ओळ काढून टाका, टोटल खाली येईल, आणि मेल आजच पाठवा, ॲडव्हान्स यायच्या आत.

मग बघायचं की गाडी कुठल्या स्टेशनवर आहे

मेलचा सूर यावर ठरतो. क्लायंटने अजून होकार दिलेला नसेल तर तुम्ही मोकळे आहात. कोटेशन म्हणजे तुमचा प्रस्ताव, आणि समोरच्याचा स्वीकार तुमच्यापर्यंत निघायच्या आधी प्रस्ताव मागे घेता येतो, हे आपल्या १८७२ च्या करार कायद्यातच आहे. तेव्हा तुम्ही सरळ लिहू शकता की आधीचं रद्द, हे नवीन.

होकार आला असेल, अगदी व्हॉट्सॲपवर "मंजूर" असं आलं असेल तरी, चित्र बदलतं. आता तुम्ही कळवत नाही आहात, विनंती करताय. ९८,८३० ला हो म्हटलेल्या माणसाला १,०२,०७० मागताय, आणि तो नाही म्हणू शकतो. माझं याच स्टेशनवर होतं. मेलमधला "कृपया पुन्हा मंजुरी कळवा" हा शब्दप्रयोग इथे औपचारिकता नाही, ती खरंच लागते.

पीओ, म्हणजे क्लायंटची लेखी खरेदी ऑर्डर, निघाला असेल तर नवीन कोटेशन पुरत नाही, पीओ पण बदलून घ्यावा लागतो. नाहीतर काय होतं, काम संपतं, तुम्ही १,०२,०७० चं बिल लावता, अकाउंट्सवाले पीओ काढून बघतात, तिथे ९८,८३०, आणि बिल टेबलावर पडून राहतं. कोणी तुम्हाला नाही पण म्हणत नाही, फक्त पैसे येत नाहीत, आणि दीड महिन्याने कळतं की "अमाउंट मॅच होत नव्हती".

ॲडव्हान्स आला असेल तर सीएला एक फोन करा, कारण सर्व्हिसमधे ॲडव्हान्स मिळाला की त्यावरचा जीएसटी तेव्हाच देय होतो आणि रिसीट व्हाउचर काढायचं असतं. आणि टॅक्स इन्व्हॉइसच गेलं असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, तिथे साधा दुरुस्तीचा मेल चालत नाही, टॅक्स कमी लागला असेल तर डेबिट नोट, जास्त लागला असेल तर क्रेडिट नोट काढावी लागते आणि ती रिटर्नमधे पण दाखवावी लागते. कोटेशनचं सुख हेच की ते टॅक्सचं कागदपत्र नाही, रिटर्नमधे जात नाही, बदलणं फुकट आहे.

कोटेशनच्या तळाला "चू. भू. द्या. घ्या." किंवा त्याचंच इंग्रजी रूप ई अँड ओई छापलेलं असेल तर बरंच, पण त्या ओळीकडे बोट दाखवून पैसे मागू नका. त्यापेक्षा कामाची ओळ म्हणजे "जीएसटी लागू दराने वेगळा". ही ओळ असेल तर क्लायंटला आधीपासून माहीत आहे की मूळ रक्कम ८६,५०० आणि टॅक्स नियमाप्रमाणे, मग चूक फक्त गुणाकाराची राहते. याउलट "सर्व करांसह ९८,८३०" असं लिहून बसला असाल तर फरक तुमच्याच खिशातून जाणार हे धरून चाला.

फरक कोण सोसणार हे मेल लिहायच्या आधी ठरवा

इथे नवीन लोक सगळ्यात जास्त गडबड करतात म्हणून जरा सावकाश सांगतो.

पुष्कळांच्या मनात पहिलं हे येतं की जाऊ दे ना, ३,२४० रुपयांसाठी कोण मेल करणार, कोटेशन आहे तसंच ठेवू आणि टॅक्सचा फरक मी भरेन. दिलदारपणा ठीक आहे, पण इन्व्हॉइसवर ८६,५०० मूळ रक्कम आणि १२,३३० टॅक्स असं लिहिताच येत नाही. ८६,५०० लिहिलं की टॅक्स १५,५७० च. टॅक्स कमी करणं तुमच्या हातात नाही, तुमच्या हातात आहे ती फक्त तुमची फी.

म्हणजे टोटल ९८,८३० च ठेवायची असेल तर उलटा हिशोब करायचा. ९८,८३० ला ११८ ने भागून १०० ने गुणलं की येतात ८३,७५४.२४. ही झाली नवीन मूळ रक्कम, त्यावर १८ टक्के १५,०७५.७६, दोन्ही मिळून परत ९८,८३०. म्हणजे तुम्ही फीमधे २,७४५.७६ ची सूट देताय. ती कोटेशनमधे आणि पुढे इन्व्हॉइसमधे "सूट" म्हणून स्वच्छ दिसली पाहिजे, कारण इन्व्हॉइसवरच दाखवलेली सूट वजा करून उरलेल्या रकमेवर टॅक्स लागतो. लोक इथे अजून एक घोळ घालतात, ९८,८३० चे १८ टक्के काढून वजा करतात. ते १७,७८९.४० येतात आणि सगळंच बिघडतं. टॅक्स आत धरलेल्या रकमेला भागायचं असतं, त्यातून टक्के वजा करायचे नसतात.

दुसरी बाजू क्लायंटची. तो नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरणारा असेल तर तुम्ही लावलेल्या टॅक्सचं क्रेडिट त्याला मिळतं, म्हणजे ३,२४० त्याचे आत्ता जातील पण पुढे त्याच्या स्वतःच्या टॅक्समधून वळते होतील, खरा बोजा जवळपास शून्य. अशा क्लायंटसाठी फीमधे सूट देणं म्हणजे तुमचे पावणेतीन हजार उगाच घालवणं. पण क्लायंट कंपोझिशन स्कीममधला दुकानदार असेल, डॉक्टर असेल, शाळा असेल, रजिस्ट्रेशन नसलेला कोणी असेल तर त्याला क्रेडिट नाही, त्याच्यासाठी ३,२४० म्हणजे सरळ महाग झालं. दोघांना एकच मेल पाठवू नका.

माझी क्लायंट क्रेडिट घेणारी होती. म्हणजे पैशाचा प्रश्नच नव्हता, प्रश्न होता लाखाच्या वरच्या सहीचा. हे डोक्यात आलं तेव्हा मेल कसा लिहायचा ते कळलं. लाखाच्या आत बसायला मूळ रक्कम जास्तीत जास्त १,००,००० भागिले १.१८, म्हणजे ८४,७४५ च्या आसपास हवी. सूट द्यायची नव्हती, मग काम कमी करायचं. फोटो ४० होते, १८,००० ला, म्हणजे एक फोटो ४५० ला. पाच फोटो कमी केले की २,२५० कमी, मूळ रक्कम ८४,२५०, टॅक्स १५,१६५, टोटल ९९,४१५. हा पर्याय मी खिशात ठेवला.

नवीन कोटेशन बनवायचं, जुन्यावर गिरवायचं नाही

जुनी पीडीएफ तशीच राहू दे. नवीन कोटेशनला तोच नंबर आणि पुढे आर-१ लावा. माझ्या फाईलचं नाव `Quotation-041-R1.pdf`. वर तारीख नवीन, आणि तारखेखाली एक ओळ: "हे कोटेशन आधीच्या क्रमांक ०४१ च्या कोटेशनऐवजी आहे." एकदम नवीन नंबर दिलात तर क्लायंटच्या फोल्डरमधे ०४१ पण जिवंत आणि ०४२ पण, आणि चार महिन्यांनी कोणीतरी स्वस्तातलं उचलतं. नंबर तोच ठेवून गुपचूप आकडा बदललात तर ते त्याहून वाईट, कारण मग समोरच्याकडे एकाच नंबरचे दोन वेगळे कागद असतात आणि खोटं कोण बोलतंय हा विषय सुरू होतो.

ज्या ओळी बदलल्या नाहीत त्या शब्दशः तशाच ठेवा. दुरुस्तीच्या निमित्ताने "जरा होस्टिंगचे पण पाचशे वाढवून घेऊ" असला मोह होतो, करू नका. क्लायंटने दोन्ही कागद शेजारी ठेवले तर फरक फक्त टॅक्स आणि टोटलमधेच दिसला पाहिजे.

आधी फोन, मग मेल

आपल्याकडे तरी हेच चालतं. रक्कम वाढतेय हे माणसाला थेट मेलमधून कळलं तर त्याला वाटतं आपल्याला लेखी पकडतायत. दोन मिनिटांचा फोन: "मॅडम, कोटेशनमधे माझ्याकडून टॅक्सची चूक झालीय, फोटोंच्या ओळीवर टॅक्स लागलाच नव्हता, टोटल ३,२४० ने वाढते, मी दुरुस्त कोटेशन मेल करतोय, बघून घ्या." इतकंच. फोनवर वाटाघाटी सुरू झाली तर "मेलमधे पर्याय पण देतो" म्हणा आणि ठेवा.

मेल त्याच जुन्या मेलला रिप्लाय करून पाठवा म्हणजे धागा एकच राहतो, पण विषयाची ओळ बदला. टू मधे ज्यांनी मंजूर केलं त्या, सीसी मधे अकाउंट्स, जर आधीच्या मेलमधे ते होते तर. नव्हते तर त्यांना आपल्या मनाने घुसवू नका, मॅडमची चूक नसताना त्यांच्या ऑफिसात त्यांची पंचाईत होते.

मी पाठवलेला मेल हा असा, नावं काढून:

> विषय: दुरुस्त कोटेशन ०४१ आर-१: एकूण १,०२,०७० रुपये (आधी ९८,८३०)
>
> नमस्कार मॅडम,
>
> मगाशी फोनवर बोललो त्याप्रमाणे, शुक्रवारी पाठवलेल्या कोटेशन क्र. ०४१ मधे जीएसटीचा हिशोब माझ्याकडून चुकला होता. बरोबर एकूण रक्कम १,०२,०७० रुपये आहे, आधी ९८,८३० लिहिली होती. फरक ३,२४० रुपयांचा आहे.
>
> फोटोग्राफीचे १८,००० रुपये मूळ रकमेत धरले होते पण त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरायचा राहिला. कामाचे दर आणि मूळ रक्कम (८६,५०० रुपये) यात काहीही बदल नाही.
>
> आधी: मूळ रक्कम ८६,५००, सीजीएसटी ६,१६५, एसजीएसटी ६,१६५, एकूण ९८,८३०
> आता: मूळ रक्कम ८६,५००, सीजीएसटी ७,७८५, एसजीएसटी ७,७८५, एकूण १,०२,०७०
>
> त्यामुळे ५० टक्के ॲडव्हान्स ४९,४१५ ऐवजी ५१,०३५ रुपये होईल. आधीच्या कोटेशनवरून पेमेंट किंवा पीओची प्रक्रिया सुरू झाली असेल तर कृपया ती थांबवावी.
>
> एकूण रक्कम एक लाखाच्या आत ठेवायची असेल तर फोटो ४० ऐवजी ३५ करता येतील. मग मूळ रक्कम ८४,२५० आणि जीएसटीसह एकूण ९९,४१५ रुपये होईल. बाकी कामात बदल नाही.
>
> यापैकी काय ठेवायचं ते गुरुवारपर्यंत कळवाल का? तुमची मंजुरी आल्यावरच पुढचं काम सुरू करतो.
>
> चुकीमुळे तुम्हाला पुन्हा मंजुरीचा त्रास होतोय त्याबद्दल क्षमस्व.
>
> दुरुस्त कोटेशन (०४१ आर-१) सोबत जोडलं आहे, आधीचं रद्द समजावं.

यात काय कशासाठी आहे ते थोडक्यात. विषयातच दोन्ही आकडे आहेत कारण मॅडम मेल फोनवर बघणार, उघडायच्या आधीच गोष्ट कळली पाहिजे. "छोटीशी दुरुस्ती" असा विषय मी मुद्दाम टाळला, तो वाचून लोक मेल उघडतच नाहीत आणि मग बिलाच्या वेळी म्हणतात आम्हाला कळवलंच नाही.

"माझ्याकडून चुकला" एकदाच. "एक्सेलच्या तांत्रिक अडचणीमुळे" वगैरे नाही, शीटची रेंज D4 होती का D5 याच्याशी क्लायंटला काय घेणं. पण कुठल्या ओळीवर टॅक्स राहिला ते सांगितलं, कारण त्यावरून ती स्वतः ताळा करू शकते: १८,००० चे १८ टक्के, ३,२४०, बरोबर. फरकाचा आकडा असा एका गुणाकारात पडताळता आला की पुढे वाद होत नाही.

"मूळ रकमेत बदल नाही" हे वाक्य अकाउंट्ससाठी आहे. ते टीडीएस कापत असतील तर जीएसटी वेगळा दाखवलेला असताना तो मूळ रकमेवरच कापतात, म्हणजे या दुरुस्तीने टीडीएस बदलत नाही. पाच फोटो कमी केले तर मात्र मूळ रक्कम बदलते आणि टीडीएसही.

क्षमस्व शेवटी आणि एकदाच. पहिल्या मसुद्यात मी तीन वेळा माफी मागितली होती, बायकोने वाचून विचारलं की नेमकं किती लाखांचं नुकसान केलंयस रे.

जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळणारच आहे, हे मेलमधे लिहिलं नाही. खरं असलं तरी चूक करणाऱ्याने लिहिलं की "तुमचं काय जातंय" असं वाचलं जातं. क्लायंटने विचारलं तर सांगा.

उत्तर येतं तेव्हा

साधारण तीन तऱ्हेची उत्तरं येतात. "ओके" आलं तर लगेच एक ओळीचा रिप्लाय करा, "धन्यवाद, ०४१ आर-१, एकूण १,०२,०७० ला मंजुरी नोंदवली." नुसत्या ओकेवर काम सुरू करू नका, कशाला ओके ते लेखी असू दे.

"आम्ही तर ९८,८३० ला हो म्हटलं होतं" असं आलं तर ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. तेव्हा वर काढलेला ८३,७५४ चा हिशोब उपयोगी येतो, सूट द्यायची का, काम कमी करायचं का, का सोडायचं. नवीन क्लायंट असेल, पुढे काम येण्यासारखं असेल तर मी एकदा सूट देतो, पण कोटेशनवर "एकवेळची सूट" लिहून, म्हणजे पुढच्या वेळी तोच दर धरला जात नाही.

तिसरं उत्तर मला आलं. मॅडमच्या अकाउंट्समधून फोन, की दोन बिलं करा ना, एक वेबसाईटचं, एक फोटोंचं, दोन्ही लाखाच्या आत बसतात, सहीचा प्रश्नच नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण ते त्यांच्या ऑफिसचा नियम चुकवण्यासाठी काम तोडणं झालं, उद्या त्यांच्या ऑडिटमधे निघालं तर कागदावर नाव आपलं. मी म्हटलं, साहेब, काम एकच आहे, मंजुरी एकच आहे, बिल तोडत नाही, त्यापेक्षा ३५ फोटोंचं घ्या.

टोटल जास्त लागली असेल, म्हणजे तुम्ही टॅक्स चुकून जास्त लावला असेल, तर मेल लिहायला कोणाच्या जिवावर येत नाही, पण लोक तो लिहीतच नाहीत, बिलात बरोबर लावू म्हणतात. लिहा. पीओ जास्तीचा निघाला तरी बिल जुळत नाहीच, आणि त्यांनी मधल्या काळात ॲडव्हान्स जास्तीचा टाकला तर तो परत करायचं काम तुमचंच.

मॅडमनी बुधवारी संध्याकाळी ३५ फोटोंचा पर्याय निवडला. मी `Quotation-041-R2.pdf` पाठवली, मूळ रक्कम ८४,२५०, सीजीएसटी ७,५८२.५०, एसजीएसटी ७,५८२.५०, एकूण ९९,४१५, आणि पाठवायच्या आधी टोटलला सबटोटलने भागून बघितलं. १.१८ आलं. ॲडव्हान्स ४९,७०७.५० शुक्रवारी जमा झाला, रिसीट व्हाउचर त्याच दिवशी पाठवलं. शूटच्या दिवशी मॅडम म्हणाल्या की त्या नवीन लेथ मशीनचे पण दोन-चार फोटो काढाच, आणि मोजले तेव्हा ३९ झाले होते.